एक पांढरा केस उपटला तर दहा येतात का? घरच्या घरी तपासायची रीत

आमच्या बेळगावकडं पांढऱ्या केसाकडं हात गेला रे गेला की कुणीतरी ओरडतंच, "उपटू नको गे, एकाचं दहा होतंय!" शहापुरातली पार्लरवाली हे सांगते, खानापूरकडची आजी सांगते, शेजारची कन्नड बोलणारी अक्का तिच्या भाषेत हेच सांगते. बाकी कशावर एकमत होवो न होवो, यावर सगळ्यांचं झालेलं आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. एक केस उपटल्यानं शेजारचा एकही केस पांढरा होत नाही. पण उपटू नये हा सल्ला मात्र बरोबर आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. नुसतं "ही अंधश्रद्धा आहे" म्हटलं की कुणाचं समाधान होत नाही हे वर्गात रोज बघते. म्हणून केस पांढरा कसा होतो आणि उपटल्याचा परिणाम घरी कसा तपासायचा, हे दोन्ही इथं नीट लिहिते.

रंग कुठून येतो

आपल्याला दिसतो तो केस मेलेला असतो. त्यात रक्त नाही, नस नाही, जिवंत पेशी नाहीत. जिवंत भाग कातडीच्या आत, दोन-चार मिलिमीटर खोल असलेल्या पिशवीत असतो. तिला केशकूप म्हणतात. तिच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असतो, तिथं केस घडत असतो, आणि तिथंच रंगपेशी बसलेल्या असतात. घडणाऱ्या केसात त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य भरत राहतात. आपल्याकडच्या काळ्या केसांत काळपट-तपकिरी जातीचं मेलॅनिन भरपूर असतं. ते भरलं गेलं नाही तर केस तसाच, बिनरंगाचा बाहेर येतो आणि आपल्याला पांढरा दिसतो. करडा किंवा राखाडी म्हणून आपण जे डोकं ओळखतो, त्यात बहुतेक वेळा काळे आणि पांढरे केस मिसळलेले असतात. लांबून तो रंग राखाडी वाटतो.

यातून पहिली गोष्ट निघते. डोक्याबाहेर आलेला काळा भाग नंतर आपोआप पांढरा होत नाही. उन्हानं तांबूस होईल, रसायनानं उडेल, पण पांढरेपणा येतो तो मुळाकडून, नव्या वाढीबरोबर.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक केशकुपाच्या रंगपेशी त्याच्या स्वतःच्या असतात आणि त्याचं कामाचं चक्रही स्वतःचं असतं. डोक्यावरचा एक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरली जाते, मग सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस सुरू होतो. शेजारच्या केशकुपाचं वेळापत्रक याच्याशी जुळलेलं नसतं, म्हणून आपण मांजरासारखे ऋतूनुसार झडत नाही.

रंग का थांबतो

प्रत्येक नव्या केसाबरोबर रंगपेशींची नवी तुकडी लागते. जुनी तुकडी वाढ थांबली की संपते. ही नवी तुकडी येते ती केशकुपाच्या वरच्या अंगाला, एका फुगवट्यात राखून ठेवलेल्या मूळपेशींमधून. हा साठा अखेरपर्यंत पुरेल इतका नसतो. २००५ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी दाखवलं की वयाबरोबर या मूळपेशी कमी होत जातात. काही तर भलत्याच जागी, म्हणजे साठ्यातच, रंगपेशी बनून वाया जातात. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटानं उंदरांत आणखी एक प्रकार पाहिला. या पेशींना साठा आणि तळ यांच्यामध्ये येजा करावी लागते. केस वारंवार उगवत गेले तसतशा जास्त पेशी साठ्याच्या जागीच अडकून पडल्या. पेशी आहेत, पण कामावर पोचत नाहीत.

शिवाय केशकुपात हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं-थोडं तयार होत असतं. तरुणपणी कॅटलेज नावाचं विकर ते मोडून टाकतं. वय वाढलं की हे विकर कमी पडतं आणि पेरॉक्साइड साचून मेलॅनिन तयार करण्याच्या कामात अडथळा आणतं. हे निरीक्षण २००९ मधलं. कुठल्या वयात हे सगळं सुरू होणार हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं असतं. २०१६ मध्ये आयआरएफ-फोर या जनुकाचा केस पांढरे होण्याशी संबंध सापडला. एकट्या त्या जनुकानं सगळं ठरत नाही, पण वडिलांचे केस पस्तिशीत पिकले असतील तर तुम्ही फार गोंधळून जायचं कारण नाही.

काळजीनं केस पिकतात का? उंदरांत हो. तीव्र ताणात सुटणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनमुळे त्यांच्या मूळपेशी एकदम खर्ची पडतात, हे २०२० मध्ये दिसलं. माणसांत २०२१ साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एकेका केसाच्या लांबीवरून रंगाचा इतिहास वाचला. ताण कमी झाल्यावर काही मोजक्या केसांत रंग परतल्याचंही त्यांना दिसलं. ही गोष्ट अपवादाची आहे. तिच्या भरवशावर कुणी महागडं तेल विकत घेऊ नये.

उपटल्यावर आत काय होतं

चिमट्यानं ओढला की केस निघतो, त्याच्याबरोबर आतल्या वेष्टनाचा काही भाग निघतो. केशकूप जागेवरच राहतो आणि मूळपेशींचा साठा त्याच्यातच राहतो. ज्या कुपातला रंगाचा साठा आधीच आटला आहे, त्यातून पुन्हा पांढराच केस येणार. एक गेला, एक आला. डोक्यावरचा केस असा पुन्हा वर दिसायला दोन ते चार महिने लागू शकतात.

एका कुपातून नवे कूप फुटत नाहीत. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या आसपास ते तयार होऊन जातात, जन्मानंतर नवे होत नाहीत. मला वाटतं, आपल्या डोक्यात इथं शेतीचा अनुभव घुसतो. चिकोडी-निपाणीकडं ऊस तोडला की बुडख्याला फुटवे फुटतात, मिरचीचा शेंडा खुडला की फांद्या वाढतात. तिथं खाली डोळे असतात, म्हणून फुटतं. केसाच्या मुळाशी असे डोळे नसतात.

याचा पुरावा आरशातच मिळतो. टाळूवर केस बऱ्याचदा दोन-तीनच्या झुबक्यात, जणू एकाच छिद्रातून, वर येतात. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन, झूम करून कानशिलाजवळ बघा. एकाच झुबक्यात एक पांढराशुभ्र आणि दोन काळेकुट्ट असे केस सापडतील. इतक्या चिकटून असूनही पांढऱ्यानं काळ्याला बिघडवलेलं नसतं. एकमेकांना रंग "लागत" असता तर हे झुबके आधी बिघडले असते.

मग वाढलेले का दिसतात

लोक खोटं बोलत नाहीत. उपटल्यानंतर सहा महिन्यांनी पांढरे केस खरोखरच जास्त असतात. ते उपटलं नसतं तरी तितकेच असते, एवढंच. हे आकड्यांनी पटवते.

डोक्यावर साधारण एक लाख केस धरू. रोज ५० ते १०० गळतात, आपण ७० धरू. जेवढे गळतात साधारण तेवढेच कूप नवा केस सुरू करतात, म्हणजे महिन्याला २,१०० आणि सहा महिन्यांत १२,६००. हाच क्षण रंगपेशींची नवी तुकडी येण्याचा किंवा न येण्याचा. समजा चाळिशीच्या उंबरठ्यावर अशा दोनशे नव्या सुरुवातींपैकी फक्त एक बिनरंगाची झाली. दोनशेत एक हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. तरी सहा महिन्यांत ६३ नवे पांढरे केस झाले. तुम्ही त्यातला एक उपटला होता. उरलेले आपापल्या वेळेला येत होते, आणि दोष त्या एकाच्या माथी बसला.

त्यात उपटलेल्या जागी उगवणारा केस आखूड असतो. लांब केस इतरांबरोबर वेणीत झाकला जातो, आखूड मात्र ताठ उभा राहतो. पांढरा केस बऱ्याचदा स्पर्शाला जाडसर, तारेसारखाही असतो. भांगात असे चार खुंट उभे राहिले की आरशात पहिली नजर तिथंच जाते.

पहिला पांढरा केस किती जुना आहे, हे मोजायचं

हा भाग कुणी करत नाही आणि करावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यानं सगळा गैरसमज सुटतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. पांढरा केस सापडला की उपटू नका, टाळूपासून टोकापर्यंत सरळ धरून पट्टीनं मोजा. तेवढे सेंटिमीटर म्हणजे साधारण तेवढे महिने.

अनगोळच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ, वय ३९, केस कमरेच्या वर. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांना "पहिला" पांढरा केस दिसला आणि त्यांनी उपटला. संक्रांतीपर्यंत सहा-सात दिसायला लागले, म्हणून सासूबाई म्हणाल्या, बघ, सांगितलं होतं. आता त्यातल्या पाचांना पट्टी लावली तर कसं दिसेल? एक २४ सेंटिमीटर, एक १८, दोन ११ च्या आसपास, एकाची वरची दहा सेंटिमीटर काळी आणि मुळाकडची चौदा पांढरी. दिवाळी ते संक्रांत अडीच-तीन महिने. या काळात उगवलेला केस तीन सेंटिमीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. म्हणजे हे सगळे उपटण्याच्या आधीचे आहेत. २४ सेंटिमीटरचा तर दोन वर्षांपूर्वीच निघालेला, आणि दोन रंगांच्या केसानं चौदा महिन्यांपूर्वी, वाढता-वाढताच रंग सोडलेला. दिवाळीचा तो केस पहिला नव्हताच. तो पहिला दिसलेला होता, आणि त्यानंतर बाई आरशात शोधायला लागल्या होत्या.

मोजताना एक खबरदारी घ्या. टोक कात्रीनं कापलेलं असेल किंवा तुटलेलं असेल तर लांबीवरून कळतं ते किमान वय, केस त्याहून जुना असणार. केस वर्षातून दोनदा कापणाऱ्यांना आणि पुरुषांना म्हणून ही रीत फारशी उपयोगाची नाही. त्यांनी पुढची करावी.

उपटल्याचा परिणाम तपासायचा

पांढरे केस बहुतेकांचे कानशिलांवर आधी येतात आणि दोन्हीकडं साधारण सारखे. याचा फायदा घ्यायचा. जाड पुठ्ठ्याला पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक पाडा. ते डाव्या कानशिलावर अशा जागी ठेवा जी पुन्हा सापडेल. उदाहरणार्थ कानाच्या वरच्या टोकापासून तीन बोटं वर आणि एक बोट पुढं. उजवीकडं तीच जागा. केस धुतलेले आणि बिनतेलाचे असावेत, कारण तेलानं पांढरा केस काळ्यात दडतो. ट्यूबच्या उजेडात चमकणारा काळा केसही पांढरा वाटतो, म्हणून सकाळच्या उजेडात, खिडकीशी बसा.

आता भोकातून दिसणारे पांढरे केस दोन्हीकडचे मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग डाव्या वर्तुळातला एकच पांढरा केस मुळापासून उपटा, उजव्यातला एक टाळूजवळ कात्रीनं कापा. बस. आणखी कुठंही हात लावायचा नाही. या काळात डाय किंवा मेहंदी लावली तर मोजणी वाया गेली. टाळूवर फोड, खाज, कोंड्याचे चट्टे असतील किंवा मधुमेह असेल तर उपटायचा भाग सोडाच, नुसत्या दोन्ही बाजू मोजत राहिलात तरी वाढ आपोआप होते हे कळेलच.

महिन्यानं बघितलं तर उजवीकडं कापलेल्या केसाचा एक सेंटिमीटरचा खुंट दिसेल, डावीकडं उपटलेल्या जागी बहुधा काहीच नसेल. चौथ्या महिन्याच्या आसपास डावीकडंही आखूड पांढरा केस दिसायला लागेल. सहाव्या महिन्यात दोन्ही वर्तुळं पुन्हा मोजा, आणि या वेळी मोजायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा ज्याला कुठल्या बाजूचा उपटला होता हे माहीत नाही. हे महत्त्वाचं आहे. ज्याला दहा दिसायचेत त्याला दहा दिसतात.

म्हण खरी असती तर फक्त डावं वर्तुळ भरलं असतं. प्रत्यक्षात दोन्हीकडं थोडी वाढ झालेली सापडेल किंवा दोन्हीकडं झालेली नसेल. डावीकडं चाराचे पाच आणि उजवीकडं पाचाचे सहा असा फरक काही सांगत नाही. वर्तुळ दोन मिलिमीटर सरकलं तरी तेवढा फरक पडतो. एका डोक्यावरच्या एका केसानं शास्त्र सिद्ध होत नाही हेही खरं, पण घरातल्या चौघींनी मिळून केलं तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

उपटलेला केस टाकून देऊ नका. काळ्या कागदावर ठेवून भिंगातून मूळ बघा. वाढत्या केसाचं मूळ ओलसर, चिकट, पारदर्शक वेष्टनात असतं. कंगव्यात गळून आलेल्या केसाचं मूळ मात्र बारीक, कोरड्या गाठीसारखं आणि पांढरं असतं, केस कितीही काळा असला तरी. ही पांढरी गाठ बघून "मुळापासून पांढरे व्हायला लागले" म्हणून घाबरलेल्या कितीतरी मुली शाळेत मला विचारायला येतात. वाढ थांबताना रंगपेशी आधी काम थांबवतात, म्हणून ती गाठ पांढरी. त्याचा पिकण्याशी संबंध नाही.

उंदरांचा तो प्रयोग

कधीकधी कुणी मोबाईलवर दाखवतं की केस उपटल्यानं जास्त केस येतात हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. त्यात तथ्य आहे, पण अर्थ वेगळा आहे. २०१५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं उंदराच्या पाठीवरचे २०० केस छोट्याशा वर्तुळातून दाटीनं उपटले, तेव्हा बाराशेच्या आसपासपर्यंत केस उगवले. जखमी झालेल्या कुपांनी रासायनिक इशारे दिले आणि ते पुरेसे दाट झाल्यावर शेजारचे झोपलेले कूपही जागे झाले. तेच केस मोठ्या जागेत विखरून उपटले तेव्हा हे झालं नाही.

म्हणजे आधीपासून असलेले, विश्रांतीत गेलेले कूप वेळेआधी कामाला लागले. नवा कूप एकही झाला नाही, आणि पिकण्याचा तर इथं प्रश्नच नव्हता. उंदराच्या पाठीवर कुपांचे मोठे पट्टे एकाच वेळी विश्रांतीत असतात, आपल्या डोक्यावर दहातले आठ-नऊ कूप कायम कामातच असतात. भांगातून उपटलेल्या एका केसाला हा प्रयोग लागू पडत नाही.

तरीही उपटू का नये

केस ओढल्यावर उघड्या पडलेल्या छिद्रात जंतू शिरला की पू धरतो, त्याला आपण केसतोड म्हणतो. साधा केसतोड शेकून बरा होतो. मधुमेह असणाऱ्याला तो महागात पडू शकतो. केस अर्ध्यात तुटला तर वाढताना कधी कातडीतच वळतो आणि गाठ धरतो. आणि तीच जागा वर्षानुवर्षं उपटत राहिलं तर कूप जायबंदी होऊन केस येणंच बंद होतं. सतत कोरलेल्या भुवया पुढं विरळ झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील, भांगाचंही तेच होतं. पांढरा केस झाकता येतो, उघडी टाळू झाकणं अवघड.

दहा-पंधरा केस असतील तर कात्रीनं कापा. नखं-भुवयांसाठी मिळते तशी बारीक टोकाची कात्री घ्या. शेपटी कंगव्याच्या दांड्यानं तो केस वेगळा काढा, चिमटीत धरून थोडा ताणा आणि टाळूपासून दोन-तीन मिलिमीटरवर कापा. महिन्यानं तो खुंट एक सेंटिमीटर होऊन वर डोकावतो, म्हणून भांगाच्या अगदी रेषेवरचे केस न कापता तसेच लांब ठेवून शेजारच्या केसांत वळवलेले बरे.

त्याहून जास्त झाले की रंग. नुसत्या मेहंदीच्या पाल्यानं पांढरा केस नारिंगी-तांबडा होतो, काळा होत नाही. लोखंडी कढईत भिजवून छटा थोडी गडद येते, इतकंच. "काळी मेहंदी" म्हणून पुडीत मिळते ती तासाभरात केस काळे करते, ते पाल्यामुळे नव्हे. तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, आणि काहींना त्याची जबरदस्त अॅलर्जी येते. कपाळ सुजतं, डोळे मिटतात, टाळूतून पाणी येतं. मागं दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही असंही नाही. म्हणून दर वेळी लावण्याआधी कालवलेल्या रंगाचा ठिपका कानामागं लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो रंग डोक्याला लावायचा नाही, आणि पीपीडी असलेला दुसऱ्या नावाचा रंगही नाही. लग्नाच्या आदल्या रात्री पुडी फोडणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, ते लावणारच.

खोबरेल, आवळा, कढीपत्त्याचं तेल याबद्दल कुणी विचारलं तर मी सांगते, लावा, केस मऊ राहतो, तुटत नाही. ज्या कुपातला रंगपेशींचा साठा संपला तिथं तेलानं तो तयार होत नाही.

डॉक्टरांकडं केव्हा जायचं

आपल्याकडं पंचविशीच्या आत केस पिकायला लागले तर त्याला अकाली म्हणतात. पुष्कळदा ते घराण्यातूनच आलेलं असतं. पण घरात तसं कुणाचं नसेल तर बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी. बी-१२ हे मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. आमच्या भागात शाकाहारी घरं खूप आहेत, त्यातही दूध न आवडणारी मुलं असतात. हातापायांना मुंग्या, जिभेची जळजळ, सारखा थकवा यातलं काही सोबत असेल तर तपासणी पुढं ढकलू नका. कमतरता भरून काढल्यावर काहींचे काही केस पुन्हा काळे येतात, सगळ्यांचे येत नाहीत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे केस लवकर पिकतात असंही अनेक पाहण्यांत दिसलेलं आहे. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यात हे सांगणं थोडं अवघड जातं, तरी सांगते.

"एका रात्रीत केस पांढरे झाले" अशी हकिगत ऐकली तर चाईचा विचार करा. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती केशकुपांवर उठते. ती काळ्या केसांना आधी गाळते आणि पांढरे मागं ठेवते. डोक्यावरचे काळे-पांढरे मिसळलेले असताना काळे झपाट्यानं गळले तर माणूस काही दिवसांत पांढरा दिसतो. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे हे तिचं नेहमीचं रूप. एकाच ठिकाणी पांढरा पुंजका आणि खालची कातडीही पांढरी असेल तर ते कोड असू शकतं. दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञ हवा. तिथं जायच्या आधी पुंजका कापू नका आणि रंगवू नका, नाहीतर बघायला काही उरत नाही.

पुरुषमंडळींसाठी दोनच गोष्टी. मिशीतला पांढरा केस कात्रीनंच कापावा, वरच्या ओठावरचा केसतोड भयंकर ठणकतो. आणि नाकातला पांढरा केस चिमट्यानं ओढू नये. तिथल्या संसर्गाचं रक्त डोळ्यांच्या मागच्या, मेंदूजवळच्या शिरांकडं जाऊ शकतं. बोथट टोकाच्या कात्रीनं दिसतो तेवढा कापावा.